मधला रकाना

रुद्राणी शेटे शिरूर कासारच्या एका खासगी शिक्षणसंस्थेत संगणक चालवते. मानधनावर आहे. कायम करायच्या लोकांची यादी संस्थेच्या बीडच्या कार्यालयात जायची होती, आणि ती तयार करण्याचं काम तिच्याकडेच होतं. नावाचे तीन रकाने हवेत आणि एकही रिकामा चालणार नाही, असा वरून निरोप होता.

शाळांनी नावं आपापल्या रिवाजाने पाठवलेली. कुणी आडनाव आधी, कुणी शेवटी, कुणी पुढे 'श्री.' लावून. रुद्राणीने 'श्री.', 'सौ.' काढले, जादा मोकळ्या जागा पुसल्या, आडनाव आधी असणाऱ्या शाळा वेगळ्या केल्या. तीन शब्दांची नावं मोकळ्या जागेवर तुटून आपापल्या रकान्यात बसली. चार शब्दांची डोळ्यांनी बघावी लागली. 'राम किसन भगवान तांदळे' यात राम किसन हा एकच माणूस असतो, हे संगणकाला कोण सांगणार? दोन शब्दांच्या नावात आडनाव मधल्या रकान्यात जाऊन बसे. ते तिने शेवटी सरकवलं आणि मधला रिकामा ठेवला.

हेडक्लार्क आप्पारावांनी मधल्या रकान्याला गाळणी, म्हणजे फिल्टर, लावून रिकामे तेवढे वेगळे काढले. फोन करकरून बापांची, नवऱ्यांची नावं भरली. एक ओळ उरली.

"तुमचंच हाय की बाई."

"माझं नाव एवढंच आहे. राजपत्र दिलंय फाईलला."

नवऱ्याचं घर सोडल्यावर तिने मधलं नाव राजपत्रातून रीतसर काढून घेतलं होतं. आप्पारावांनी राजपत्र पाहिलं आणि सिरसाळ्याला तिच्या वडिलांना, मन्मथप्पांना, फोन लावला. स्पीकरवर. मन्मथप्पांचं भुसार दुकान आहे, ते गिऱ्हाइकात होते.

"पोरीच्या नावामागं तुमचं नाव टाकू का, मन्मथप्पा?"

"आमचं नाव दुकानाच्या पाटीवर हाय, तितं बरं हाय. तिच्या सासरी इचारा."

फोन बंद झाला. शिपाई चहाचे कप उचलत होता, तो जरा सावकाश उचलू लागला.

"मग नवऱ्याचं शिवशंकर टाका," आप्पाराव म्हणाले. "देवाचं नाव हाय. त्याला कावून विटाळ?"

"देवाचं असतं तर टाकलं असतं."

"लई तोरा बरा न्हाई. नोकरी कायमची व्हायलीय, नवरा न्हाई."

आप्पारावांनी तिच्या होकाराची थोडा वेळ वाट पाहिली. तेवढे ते सज्जन होते. मग तिची ओळ निवडली, पुसली, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"अनुक्रमांक तेवढे सलग करा. मला ते ओढायचं जमत न्हाई."

रुद्राणीने गाळणी काढली. वरचे दोन आकडे धरून कोपरा शेवटपर्यंत ओढला. खालची सगळी माणसं एकेक क्रमांक वर सरकली.

आप्पारावांनी चष्मा लावून पडदा वरून खाली पाहिला.

"सफाई हाय बघा तुमच्या कामात. धाडा आता."

तिने धाडली.