एक स्टार आणि सासूबाई

आमच्या हॉटेलला पहिला एक स्टार मिळाला, तेव्हा खरं सांगते, मला आधी हसू आलं. दुपारची गर्दी ओसरली होती, मी गल्ल्यावर बसून फोन बघत होते, आणि नकाशाच्या ॲपवर आमच्या नावाखाली कोणीतरी लिहिलं होतं:

"खाना ठीक-ठाक, बेइज़्ज़ती फ्री. एक बुज़ुर्ग आंटी मना करने पर भी परोसती रहीं. पिताजी ने आधा छोड़ दिया तो सबके सामने डाँट दिया कि छोड़ना ही था तो लिया क्यों. रोटी भी बासी, पत्थर जैसी. दोबारा कभी नहीं."

ती आंटी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल त्या माणसाने लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. लग्न झाल्यापासून मी हेच सोसत आले होते, फक्त मला कुठे स्टार द्यायची सोय नव्हती.

सासरे लष्करात होते. त्यामुळे सासूबाईंचा जन्म छावण्यांमध्ये गेला, आणि घरापासून लांब आलेल्या कोवळ्या जवानांना दटावून जेवू घालणं हे त्यांनी आयुष्यभर केलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे गुडगावला आल्या आणि विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कावल्या. मी तेव्हा नोकरी सोडलीच होती. मग नव्या सेक्टरच्या मार्केटमध्ये, मोमोवाल्याच्या शेजारी, आम्ही सहा टेबलांचं मराठी जेवणाचं हॉटेल काढलं. पिठलं, भाकरी, भरली वांगी. स्वयंपाक त्यांचा, वाढायलाही त्याच. तिथे त्या पुन्हा टवटवीत झाल्या. छावणी तीच, जवान तेवढे बदलले.

नवऱ्याने तो मजकूर गंमत म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. याला आयटीत इतकी वर्षं काढूनही कुठलं काय कुठे टाकावं हे कळत नाही. सासूबाईंनी वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आल्याच नाहीत. ताटं दारातून माझ्या हातात द्यायच्या आणि मागे वळायच्या.

"अहो आई, बाहेर या ना. ते नेहमीचे कर्नल आलेत, विचारतायत."

"नको गं. कुणाचा अपमान व्हायचा उगाच."

तेव्हा माझं हसू पळालं. ही बाई गप्प बसली की घर कसं भकास होतं, ते मी सासरे गेल्यानंतर एकदा पाहिलं होतं. पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

त्यात गिऱ्हाईकही बिचकू लागलं. दोन मुली पाटी बघून थांबल्या, एकीने फोन काढला, दोघींनी वाचलं, खुसखुसल्या आणि मोमो खायला गेल्या. मला त्या मोमोवाल्याचा विनाकारण राग आला.

बातमी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना लागली. आपल्या माणसावर संकट आलं की मराठी माणूस एक होत नाही असं कोण म्हणतं? एकाच संध्याकाळी आमच्यावर पाच-पाच स्टारांचा सडा पडला. पुण्याच्या मावससासूबाई, ज्यांनी गुडगाव फक्त बातम्यांत पाहिलंय, त्यांनी "प्रसन्न वातावरण, पार्किंगची उत्तम सोय" असं लिहिलं. आमच्याकडे पार्किंग म्हणजे फुटपाथ. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या एका वहिनींनी तर, आधी वडिलांना ताटात न टाकायला शिकवा, असं त्या माणसाला सुनावलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या ऑफिसातली बाई डबा न्यायला आली आणि गोड आवाजात म्हणाली, "मैडम, ये सब आपके रिश्तेदार हैं क्या?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्यांना फोन करकरून ते काढायला लावलं. दोन मावश्या रुसल्या त्या अजून रुसलेल्या आहेत.

मूळ मजकूर काही आपल्याला पुसता येत नाही. शिवी किंवा धमकी असती तर तक्रार करता आली असती, पण आपल्याला आवडला नाही म्हणून ॲपवाले कशाला काढतील? त्याच्याखाली मालकाचं उत्तर तेवढं लिहिता येतं. नवऱ्याने लगेच लिहून दिलं: "आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है." मी म्हटलं, "यार, हे हॉटेल आहे की गाडी लेट झाली?"

माझ्या मनात वेगळंच होतं. तुम्ही भाकरीचे फोटो काढत बसलात, ती तोवर गार झाली, गार भाकरी कडकच होणार, असं ठणकावून लिहायचं होतं. लिहिलंही, चांगलं लांबलचक. मग त्या मोमोवाल्या मुली आठवल्या. भांडणात कोण बरोबर हे त्यांना कुठे ठरवायचं होतं? इथे जेवायला गेलो तर आपल्याला कोणी बोलेल का, एवढंच त्यांना हवं होतं. सगळं पुसलं आणि नव्याने बसले.

पण अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. "कर्मचाऱ्याला समज दिली आहे" असं सगळे लिहितात. सासूबाईंना कर्मचारी म्हणू? की "वय झालंय, सांभाळून घ्या" म्हणू? दोन्ही वाचून त्या आतल्या आत मेल्या असत्या. शेवटी जे होतं तेच साध्या हिंदीत लिहिलं, आणि टाकण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

"तुम्ही लिहिलंत ते घडलं. वाढणाऱ्या बाई माझ्या सासूबाई आहेत. तुमच्या वडिलांना सगळ्यांसमोर बोललं गेलं, त्याबद्दल मी माफी मागते. आता आम्ही विचारल्याशिवाय वाढत नाही. अर्धं ताटही मिळतं. उरलं तर बांधून देतो, नको असेल तर कोणी काही बोलणार नाही. भाकरी मागितल्यावरच तव्यावर टाकतो, गार झाली तर बदलून देतो. एकदा फोन करा, मीच उचलते."

त्या वांगी चिरत होत्या. सुरी थांबली.

"तू कशाला माफी मागतेस? बोलले मी."

"अहो, पण मालक म्हणून..."

"मालक असशील. त्याच्या वडिलांना बोलले मी. तिथे माझं लिही. म्हणावं, माझं चुकलं."

मी तिथेच उभी राहून ते वाक्य बदललं. इतक्या वर्षांत "माझं चुकलं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. एका अनोळखी माणसाला ते मिळाले, याचा मला हेवा वाटला. आणि त्याहून जास्त, त्यांचा अभिमान वाटला.

त्या माणसाचा फोन काही आला नाही. एक स्टार अजून तिथेच आहे. पण काही दिवसांनी एक बाई मुलांना घेऊन आली, फोनवर आमचं उत्तर उघडलेलं होतं, आणि म्हणाली, "वो आधी थाली मिलती है ना?" मी आत हाक मारली. सासूबाई पदर खोचत स्वतः बाहेर आल्या. पातेलं हातात धरून त्यांनी विचारलं, "और दूँ?" बाई म्हणाली, "बस." मुलाने निम्मं वांगं टाकलेलं होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि आत वळल्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

मी गल्ल्यावर बसून घाईघाईत चार घास खाल्ले होते आणि ताट बाजूला सारलं होतं. जाता जाता त्यांची नजर त्यावर पडली.

"हे कोण संपवणार?"

"आई, उत्तरात लिहिलंय ना आपण, उरलं तर कोणी काही बोलणार नाही म्हणून."

"ते गिऱ्हाइकांसाठी. तू काय गिऱ्हाईक आहेस?"

मी ताट पुढे ओढलं. भाकरीचा तुकडासुद्धा ठेवला नाही.