संध्याकाळचा लाडू आणि आमची झोप

अन्याय झाला तो तळेगावहून आलेल्या एका आठवीतल्या मुलीवर. केव्हा, तर धर्मांतराच्या पुढच्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाल्यावर, एका सोमवारी. त्या दिवशी आमच्या वर्ध्याच्या मुलींच्या वसतिगृहातल्या अधीक्षिकाबाईंनी जेवणघरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, की ही मुलगी वर्गात झोपते, सुट्टीआधीही झोपत होती, आणि महिनाअखेरपर्यंत सुधारली नाही तर तिला घरी पाठवायचं असं कमिटीनं ठरवलं आहे. कमिटीतले एक गृहस्थ तिथंच उभे होते. ते म्हणाले, "या लोकांना शिकायची सवय नाही हो, वेळ लागेल."

या लोकांना. तिच्या बापानं आदल्या वर्षी बुद्धाला वंदन केलं होतं, म्हणून ती 'हे लोक'. मी त्याच लोकांपैकी, त्याच वसतिगृहात राहून कॉलेजात जाणारी. मुली मला ताई म्हणत. विहिरीच्या सत्याग्रहाची पत्रकं लिहून माझा हात तयार झालेला होता, आणि त्या रात्रीच मी पत्रक लिहायला घेतलंही असतं. पण पत्रकात आधी पुरावा लागतो. नुसत्या संतापाचं पत्रक लोक पुडी बांधायला वापरतात.

म्हणून मी तिलाच विचारलं. "काऊन गं, वर्गात डोळे काऊन मिटते?"

"रात्री झोप होत नाई ताई."

"पडल्या पडल्या तर घोरते तू."

"लागते झोप. लवकरच लागते. पण मंग डोळा उघडते. तहान लागते, पाणी पिते, बाहेर जाऊन येते, परत पडते. परत उघडते. सकाळी अंग असं, जसं कोणी रात्रभर जात्यावर बसवलं." मग ती जरा हसली. "गावाले तसं नाई झालं. सुट्टीत अशी झोपली का मायनं हलवून हलवून उठवलं. म्हणे, मेली का काय पोरगी."

मी म्हटलं, घरची झोप ती घरची, आईजवळची. पण बाजूला बसलेली हिंगणघाटच्या दुकानदाराची मुलगी म्हणाली, "मी पण घरीच होती की. मले तर घरी पण तसंच होत होतं. रोज दोनतीनदा उठत होती."

दोघी आपापल्या आईजवळ. एक मेल्यासारखी झोपते, दुसरी उठत राहते. फरक काय? फरक मला तेव्हा एकच दिसला. दुकानदाराच्या घरी दिवाळी होती. अनारसे, करंज्या, शंकरपाळे, रात्रीच्या ताटात बासुंदी. हिच्या घरी त्या वर्षी दिवाळीच नव्हती. आमच्यातल्या पुष्कळ घरांनी ती सोडली होती. संध्याकाळी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, आणि झोप.

आणि वसतिगृहात? वसतिगृहात आमची रोजच दिवाळी होती. शहरातले एक किराण्याचे ठोक व्यापारी, आई वारली म्हणून वर्षभर तिच्या नावानं रोज संध्याकाळी मुलींना गोड देत. दुकान वाढवलं की येत, बुंदीचे लाडू किंवा जिलबीची परात घेऊन. रविवारी दुकान बंद, तर ते येत नसत. त्यांचा नियम एक: मुलींनी त्यांच्या डोळ्यांदेखत खायचं, तरच ते आईला पोचतं. उद्यासाठी ठेवता येत नसे. भुकेल्या पोरी, जेवणाआधीच पोट गोडानं भरून घ्यायच्या आणि मग भाकरी अर्धी टाकायच्या. तळेगावची सगळ्यात लहान, पंगतीच्या टोकाला. परातीत उरलेलं तिच्याच पानात पडायचं. शेठजींना तिचं खाणं पाहून फार आनंद व्हायचा.

मग मी मुलींना रविवारच्या रात्री आठवायला लावल्या. बहुतेकींनी सांगितलं, हो, रविवारी लागते बरी. काही म्हणाल्या, आम्हाला काही फरक नाही. तेही खरं असेल, सगळ्यांची शरीरं सारखी नसतात. आत काय घडतं ते मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण एवढं दिसत होतं, की गोड खाऊन झोप लवकर येते आणि म्हणूनच कुणाला संशय येत नाही. येते ती पातळ असते. वरवरची. जरा खुट्ट झालं की तुटते.

अधीक्षिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडल्या पडल्या झोपते, आणि म्हणे झोप कमी. लाडवाला नावं ठेवतेस? खायला मिळत नव्हतं तेव्हा बरं होतं का?"

म्हणजे प्रश्न भाकरीचा काढला की गप्प बसायचं. मी नाही बसले. पण पुढचं मी केलं नाही, मुलींनी केलं, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पत्रकात लिहिता येणार नाही इतका.

त्या संध्याकाळी जिलबी होती. ताजी, पाकानं ओली, वास सगळ्या जेवणघरात. शेठजी वाढत गेले आणि पंगतीत एकीनंही हात उचलला नाही. भूक लागलेल्या मुली, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. हिंगणघाटवालीनं तर पान पुढे सरकवून दिलं.

"काय झालं? बिघडली का?" शेठजींनी स्वतः एक तुकडा तोंडात टाकून पाहिला.

तळेगावची उठून उभी राहिली. म्हणाली, "काका, जिलबी चांगलीच आहे. आम्ही खाऊ. पण सकाळी. रात्री खाल्ली का आमची झोप मोडते, अन् शाळेत आमच्यावर नाव येते."

"सकाळी सकाळी गोड कोण खाते, बाई?"

"तुम्ही आणलं तं आम्ही खाऊ. दुकानाले जाता तं इकडूनच जाता ना. तुमच्या डोळ्यासमोरच खाऊ."

"अन् माझ्या मायले काय सांगू? पोरींनी परत पाठवलं?"

"त्याईले सांगजा, का पोरी निजल्या."

 शेठजी परात उचलून गेले. अधीक्षिकाबाई मला म्हणाल्या, "तोडलास पुण्यवान माणूस." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्याही नाही. पुष्कळ दिवस आले नाहीत. काही मुली माझ्यावर रुसल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिलबी ही जिलबी असते.

पण तेवढ्या दिवसांत तळेगावची पूर्ण भाकरी खाऊन झोपली, आणि सकाळची घंटा झाली तरी तिला हलवावं लागलं. महिनाअखेरीला तिच्या वर्गशिक्षिकेनं कमिटीला सांगितलं, ही मुलगी आता जागी असते आणि प्रश्नही फार विचारते. तिला घरी पाठवलं नाही. आज ती दहावीत आहे.

शेठजी एका सकाळी आले. दुकानाच्या किल्ल्या कमरेला, हातात परात. पायरीवरूनच म्हणाले, "कुठं आहे ती भांडखोर पोरगी? तिले आधी देतो." मुलींनी त्यांच्यासमोर खाल्लं आणि शाळेला पळाल्या. वर्ष संपेपर्यंत ते सकाळीच येत राहिले.

कमिटीतले ते गृहस्थ मात्र 'या लोकांना' हा शब्द परत घ्यायला अजून आलेले नाहीत. मी वाट पाहत नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही वसतिगृहाला, अनाथाश्रमाला, रुग्णालयाला संध्याकाळी गोड वाटता. उद्यापासून ते दिवसा वाटा. दिवसा सवड नसेल तर ज्वारी द्या, डाळ द्या. आणि तुम्ही मास्तर असाल, तर वर्गात डुलकी घेणाऱ्या पोराची जात काढण्याआधी त्याला विचारा, काल रात्री तुला काय वाढलं होतं. आज विचारा.