गुळगुळीत कागदावरचे ठिपके

लोणावळ्याच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचा म्हणजे दादांचा आणि माझा. दादा नात्यातले नव्हेत, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. कॅमेरा त्यांचा, स्कॅनर आणि कॉम्प्युटर माझा. मी पूर्वी सोमाटण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. पासपोर्ट फोटो काढायला म्हणून दादांच्या दुकानात शिरलो आणि भिंतीवरचा एक फोटो बघत उभा राहिलो.

फोटो वीतभरच होता, मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मधोमध लावलेला, कृष्णधवल. कार्ल्याच्या फाट्यावर करवंदांची पाटी घेऊन बसलेली बाई, पदर तोंडाशी नेता नेता खळखळून हसणारी. मागे ढगाळ आभाळ. दादा म्हणाले, "एसटी बंद पडली होती. खाली उतरलो, रोलमध्ये एकच फ्रेम शिल्लक होती, मारली." एवढंच, पण असं काही सांगितलं की मला ती बस दिसली, तो उजेड दिसला. असा माणूस शेजारी असेल तर आपणही काही शिकू, असं वाटलं. दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली. घरचे बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते.

पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना मी तो फोटो दाखवला. "हा दादांनी काढलेला," हे सांगताना मलाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी एक बाई आल्या, जवळच्याच औंढे गावच्या. साठीच्या आसपासच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी जुन्या मासिकाचं एक पान काढलं, घडीवर झिजलेलं.

"भाऊ, ही माजी आई. कार्ल्याला करवंदं इकायची. दुसरा फोटूच न्हाई तिचा. ती गेली, पुढल्या रविवारी तिचं पुण्यानुमोदन हाय, मोटा करून देता का?"

मी पान हातात घेतलं आणि मग भिंतीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"आगं बाई! आई हितं कशी?"

मला इतका आनंद झाला की मी दादांना हाकच मारली. ते आतल्या खोलीतून बाहेर आले. म्हटलं, "मावशी, तुमच्या आईचा फोटो ह्यांनीच काढलाय."

मावशींनी हात जोडले. डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "सायेब, मला एकच इचारायचं व्हतं. आई अशी कदी हसायची न्हाई. त्या दिशी कशाला हसली वो?"

दादांनी एकदा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी फोटो काढायला पुढे झालो आणि चिखलात सपशेल आडवा झालो. ते बघून हसल्या."

मावशी रडता रडता हसायला लागल्या. मीही हसलो.

त्या गेल्यावर दादांना म्हटलं, निगेटिव्ह काढा, मस्त प्रिंट होईल. "कसली निगेटिव्ह! इथल्या दमटपणात बुरशीने खाल्ली. तू मासिकाच्या पानावरूनच कर." आणि ते एका साखरपुड्याच्या शूटिंगला निघून गेले.

पानावरून करायचं म्हणजे कटकट. मासिकात छापलेला फोटो नुसत्या बारीक ठिपक्यांचा असतो, ओळीत बसवलेल्या. स्कॅनरही चौकटी-चौकटीनेच बघतो. ह्या दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की चित्रावर लाटा उठतात. त्याला मॉयरे म्हणतात, आम्ही लाटाच म्हणायचो. पहिल्याच स्कॅनला मावशींच्या आईच्या गालावर त्या पसरल्या. वाटलं, भिंतीवर खरा फोटो असताना हे कशाला? फोटोच्या कागदावर अशी जाळी नसते, त्यामुळे लाटा उठायचा प्रश्नच नाही.

मी फ्रेम उतरवली, फोटो सोडवला, काच पुसून स्कॅनरवर ठेवला.

आभाळात लाटा होत्या.

आधी वाटलं, मागच्या स्कॅनची फाइल उघडली असेल. पुन्हा केला. मग वाटलं, जुन्या कागदांवर रेशमी पोत असायचा, त्यानेही नक्षी उमटते. अंगठा फिरवून पाहिला. कागद गुळगुळीत होता. शेवटी भिंग लावलं. पदरात, करवंदांत, दातांच्या पांढऱ्यात, सगळीकडे ओळीने बसलेले ठिपके. आभाळात उलटी अक्षरंही पुसट दिसली, पानाच्या मागच्या बाजूचा मजकूर आरपार आलेला. मावशींच्या पानावर ती त्याच जागी होती.

दादांनी बाईचा नाही, मासिकाच्या पानाचा फोटो काढला होता.

ते परत आले तेव्हा मी भिंग त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याला हातही लावला नाही.

"दुकान नवीन होतं," ते म्हणाले. "भिंतीला काहीतरी हवं म्हणून लावला. एकाने विचारलं, तुम्ही काढलाय का? हो म्हणून गेलो. मग दुसऱ्याने विचारलं."

"आणि बस? ती शेवटची फ्रेम?"

"लोक विचारतात रे. काहीतरी सांगावं लागतं."

"मावशींनाही?"

"त्यांना बरं वाटलं ना? कुणाचं काय गेलं त्यात?"

मी भिंग उचलून खणात ठेवलं. ह्या माणसाच्या बाजूला बसून मी इतकी वर्षं त्याचंच खोटं लोकांना सांगत होतो, आणि तेही मनापासून.

मावशींचं काम मात्र नीट केलं. पानामागे काळा कागद ठेवला, म्हणजे मागची अक्षरं आरपार येणार नाहीत. स्कॅनरचं आपोआप धार लावणं, म्हणजे कडा ठळक करणं, बंद केलं, कारण ते ठिपक्यांनाच धार लावतं. लाटा घालवायचं तयार बटण असतं, पण त्याने चेहरा मेणाचा झाला. म्हणून इंचाला बाराशे बिंदू इतका बारीक स्कॅन घेतला, म्हणजे प्रत्येक ठिपका सुटा पकडला जातो. मग ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंतच, जेमतेम, चित्र धूसर केलं. त्यानंतर आकार कमी केला आणि अगदी शेवटी डोळ्यांना नि पदराच्या काठाला थोडी धार दिली. जास्त मोठा नाही करता आला. पण हसू जसंच्या तसं आलं.

शनिवारी मावशी यायच्या होत्या. दादांना म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना. त्या दिवशी ते दुकानात आलेच नाहीत.

मीच सांगितलं. मावशी प्रिंट मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांचा हात आईच्या कपाळावर थांबला.

"म्हंजी चिखलात पडलंच न्हाई कुनी?"

"नाही मावशी. पानावर नाव नाही, फोटो कुणी काढला तेच माहीत नाही."

"मी लेकींना सांगितलं वो. नातवंडांना सांगितलं. समदी हसली." मग म्हणाल्या, "तुमी सांगितलं नसतं तर बरं झालं आसतं, का सांगितलं ते बरं झालं, मला कळंना."

त्यांनी प्रिंट पिशवीत घातला आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरल्या. मी मागोमाग रस्त्यापर्यंत गेलो.

संध्याकाळी दादा आले, नेहमीसारखे. मी स्क्रीनवर फाइल उघडीच ठेवली होती. ते वाकून बघत राहिले.

"लाटा पार गेल्या की," ते म्हणाले. "छान झालंय काम."

आठवड्याभरात मी स्कॅनर आणि कॉम्प्युटर रिक्षात घालून स्टेशनपलीकडच्या एका गाळ्यात आणले. दादा अधूनमधून बाजारात दिसतात. ते हात करतात, मीही करतो.