जीभ नसलेलं गवत

खारबावच्या केसरीनाथांना बांधावर उभं राहिलं की वेळेचं भान राहत नसे. वारा आला की भाताचा हिरवा पट्टा श्वास घेतल्यासारखा वर-खाली होई, आणि त्यामागची गोदामांची निळी छपरं पाण्यात तरंगत असल्यासारखी भासत.

दहा गुंठ्यांच्या त्या तुकड्यात ते आईच्या वेळचं सुवासिक भात लावत. त्याचं बी गावात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. यंदा मात्र मधोमध पाखड, भातासारखंच दिसणारं गवत, दाटलं होतं. तणनाशकाच्या फवारणीला पंधरा दिवस झाले तरी ते तसंच, ताजंतवानं. उलट दीडपट औषधानं भातच पिवळं पडलं होतं. पाखडाचं बी भातात मिसळलं तर पुढच्या वर्षी पेरायला शुद्ध बियाणं राहणार नव्हतं.

कृषी सहाय्यक मृणाली आली, तेव्हा त्यांनी जपून ठेवलेली पाच वर्षांची रिकामी खोकी तिच्यापुढे मांडली. "दरवर्षी औषध बदलतो मी. हे हिरवं, हे लाल, हे पिवळं."

मृणालीनं बारीक अक्षरं वाचली. "काका, कंपन्या बदलल्यात. आतलं औषध पाचही वर्षं एकच आहे. गवताच्या वाढीला लागणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते बंद पाडतं. पण लाखांत एखाद्या रोपाचं विकर जन्मतःच थोडं वेगळं असतं. औषध तिथं बसतच नाही."

"म्हंजे औषधानं गवत बदललं?"

"नाही. ते आधीपासून होतं. तुम्ही बाकीचं मारलंत, तेवढंच जगलं, त्याचंच बी पडलं. जास्त औषध घालून त्याला काही होत नाही. पुढच्या वर्षी लावणीनंतर लगेच, गवत उगवायच्या आत वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध वापरू. आणि यंदा बी धरायच्या आत हे उपटायचं."

पडवीत बसलेली, नजर अधू झालेली त्यांची थोरली बहीण आक्का हसली. "येवढं शिकून पोरगी माझ्याच वळणावर आली. मी सांगत व्हते हातानं उपट, तर म्हनं, आक्का, तुला दिसत न्हाय."

"मग दिसतं का तुला?"

"बोटांना दिसतं."

दुसऱ्या दिवसापासून दोघं भातात उतरली. आक्का डोळे मिटल्यासारखे करून पानाच्या बेचक्यात बोट घाली. "हितं पापुद्र्यावानी पांढरी जीभ हाय, हे भात. हितं न्हाय, हे पाखड." केसरीनाथ उपटत जात. चौथ्या दिवशी त्यांच्याही बोटांना कळू लागलं. चिखलाचा थंडावा, पायांखालून सरकणारे मासे, आक्काचं पुटपुटणं, यांत दिवस कसा विरघळला ते समजेना. उपटलेल्या गवताचे भारे त्यांनी बांधापलीकडे नेऊन, वाळवून जाळले.

कार्तिकात त्यांनी बियाण्याच्या लोंब्या निवडल्या. एका लोंबीत पाखडाचा एकच दाणा अडकलेला निघाला. तो आक्कानं वेचून तोंडात टाकला आणि दातांखाली फोडला.

केसरीनाथांनी नव्या औषधाचं नाव मृणालीकडून कोळशानं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, आणि त्याखाली बियाण्याची पेंडी टांगली. पडवीभर वास दरवळत राहिला.