मनुबाईचा हिस्सा

वकील तेजस्वीबाईंनी वाटणीचा मसुदा कन्नडमध्ये टाईप करून ठेवला होता. नागोजीअण्णानं तो न वाचताच बहिणीपुढं, मनुबाईपुढं, सरकवला आणि बोट ठेवून म्हणाला, "हितं सही कर."

मनुबाई सासरहून, काकतीहून, आली होती. आठवडाभर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकामासाठी वाळूचे कोअर करायचं काम, आज तेवढी सुट्टी. वाळूनं भेगाळलेले हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "मला कन्नड बोलाय येतं, वाचाय न्हाय. बाई, मराठीत सांगा."

वकीलबाई वाचू लागल्या. कंग्राळीची वडिलोपार्जित तीन एकर जमीन दोघा भावांत निम्मी निम्मी. बहिणीला लग्नात मानपान पोचलेलं असून तिनं स्वखुशीनं आपला हक्क सोडला आहे.

"स्वखुशीनं?" मनुबाई म्हणाली. "कुणी बघितली माझी खुशी?"

धाकटा गुंडू खाली बघू लागला. नागोजी भडकला. "गावात सगळ्या बहिणी देतात सही. तू काय भावांवर केस घालतीस?"

"मी न्हाय घालणार. सहीबी न्हाय करणार. घालायची त्यानं घालावी."

"माहेर तुटंल तुझं!"

"तुटू दे. माहेर काय उताऱ्यावर चढत न्हाय, अण्णा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांच्या सहीशिवाय ही वाटणी टिकणार नाही. कोर्टात गेलात तर वर्षं जातील आणि निकालही हाच येईल. मुलीचा हक्क मुलाएवढाच. आईवडील नाहीत, तेव्हा तिघांना एकेक एकर."

मग गुंडू म्हणाला, "अण्णा, मला कोर्टाची पायरी नगो. आक्काला तिचं देऊन टाकू." नागोजी चप्पल पायात सरकवून बाहेर गेला, पण रस्त्यावर उभं राहून चहा पिऊन परत आला.

दुसरा मसुदा झाला. त्यात मनुबाईला ओढ्याकडचा मागचा एकर. तिनं वकीलबाईंना थांबवलं. "आधी शेतात जाऊन बघून येतो आम्ही."

तिघंही बांधावरून मागं गेली. मनुबाई ओढ्याशी उभी राहिली. "हितं मी कुठनं येणार? पुढं अण्णाचा तुकडा, मधी गुंडूचा. उडून येऊ?"

"चालत ये की बांधावरनं," नागोजी म्हणाला.

"आणि ट्रॅक्टर? डोक्यावर आणू? वाट कागदात पायजे, ट्रॅक्टर जाईल एवढी. विहीर सामाईक. पाण्याच्या पाळ्या लिहायच्या."

"पाणी कशाला लागतंय तुला? तुझी पोरं थोडीच शेती करणार हाईत! उद्या प्लॉटवाल्याला विकशील आणि मोकळी होशील."

मनुबाई वळली. "मग हेबी लिहू. कुणाला विकायचं झालं तर आधी भावंडांना विचारायचं, त्यांनी नको म्हटलं तरच बाहेर. पण तिघांनाबी लागू."

नागोजीचा चेहरा उतरला. रस्त्याकडच्या तुकड्यासाठी एक प्लॉटवाला त्याच्याच अंगणात दोनदा येऊन गेला होता आणि कंग्राळीत ते कुणालाच ठाऊक नाही असं त्याला वाटत होतं. पण गुंडूला ते माहीत होतं. "लिहू या तसंच," तो म्हणाला. "मला चालतंय."

एकट्याच्या विरोधात दोन झाले. नागोजी बांधावरच्या मातीत टाच रगडत राहिला. शेवटी म्हणाला, "लिहा. पर मी काय मनानं देत न्हाय."

"मनानं नको देऊस," मनुबाई म्हणाली. "हक्कानं दे."

सर्व्हेवाल्यानं मोजणी केली, तीन तुकड्यांचा नकाशा निघाला, वाट त्यात रेघेनं दाखवली. नोंदणी कार्यालयात अंगठा, फोटो, सही झाली. समर्थ या नागोजीच्या सज्ञान पोरानंही, वडिलोपार्जित जमिनीत त्याचाही हक्क म्हणून, संमतीची सही केली. फेरफाराच्या नोटिशीची मुदत हरकतीशिवाय सरली आणि मनुबाईचं नाव उताऱ्यावर चढलं.

भरमा, तिचा नवरा, घाबरून म्हणाला, "भाऊ बोलंना झाला गं."

"बोलंल तेव्हा बोलंल. मी न्हाय बोलायची थांबणार."

तिनं रताळ्याचे वेल लावले. पाण्याच्या पहिल्या पाळीला सकाळी शेतात गेली तर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला कुलूप. नागोजीच्या दारात जाऊन तिनं हाक मारली. वहिनी बाहेर आली, आत बघत म्हणाली, "त्यांनी किल्ली द्यायची न्हाय म्हटलंय."

"वयनी, आज माझी पाळी हाय. कागदात हाय. किल्ली मिळंस्तोवर मी हितंच बसणार."

ती उंबऱ्यावर बसली. येणारेजाणारे थांबून बघू लागले, तशी त्यातल्या दोघी बायकांना ती मोठ्यानं म्हणाली, "या, बसा. माझ्या पाण्याची वाट बघतीया." आत नागोजी काहीतरी पुटपुटला. मग त्यानं स्वतःच येऊन किल्ली तिच्या ओंजळीत टाकली आणि परत फिरला.

मनुबाई मोटार सुरू करून सरींच्या तोंडाशी गेली, पदर खोचला आणि खोऱ्यानं पाणी आपल्या वेलांकडं वळवू लागली.