सतरावा प्रश्न

सुलभा पुराणिकांचा पेपर चुकत नाही, असं उज्जैनजवळच्या भैरवगढच्या सरकारी माध्यमिक शाळेत सगळे मानत. त्यातही सर्वांत जास्त मानत त्या सुलभा पुराणिक स्वतः. एकतीस वर्षं गणित शिकवून बाईंना एक खात्री झाली होती: मुलं चुकतात, पुस्तकं चुकतात, वरून येणारे आदेश तर चुकण्यासाठीच निघतात, पण आपण काढलेला प्रश्न चुकत नाही. ही खात्री त्यांच्या चालण्यातही दिसायची. वडील बँकेच्या नोकरीपायी साताऱ्याहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले, पण मुलीचा ताठा मात्र थेट साताऱ्याचाच राहिला, असं त्यांचे यजमान वसंतराव म्हणायचे. अर्थात बाई स्वयंपाकघरात आहेत याची खात्री करून.

बाई भांडकुदळ होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. खडू कमी आले म्हणून त्या भांडल्या, मुलांना झाडू दिला म्हणून भांडल्या, आणि गणिताच्या तासाला बँडची तालीम ठेवली तेव्हा तर ढोलच उचलून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून आल्या. मुलांसाठी भांडण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. मात्र मुलांनी त्यांच्याशी भांडावं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती.

आठवीच्या मुलांसाठी एक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात एक पेपर शाळेतल्या विषयांचा आणि दुसरा बुद्धीचा: संख्यांच्या मालिका, सांकेतिक अक्षरं, आरशातल्या आकृत्या, दिशा, नाती. नव्वद मिनिटांत नव्वद प्रश्न. यादीत नाव आलं तर नववीपासून बारावीपर्यंत दर महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. मोठ्या शाळेतल्या मुलाला हजार म्हणजे काहीच नाही. भैरवगढच्या, ठप्प्यांनी कापड छापणाऱ्या छपाईवाल्यांच्या घरात मात्र त्या हजारावर मुलगी नववीत जाणार की छपाईच्या टेबलाशी उभी राहणार, हे ठरतं.

आदल्या वर्षी शाळेने अठरा मुलं बसवली आणि एकाचंही नाव यादीत लागलं नाही. जिल्ह्याच्या बैठकीत हेडमास्तर चौरसियांना सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. त्यामुळे या वर्षी त्यांनी ठरवलं की आधी शाळेतच तीस गुणांची चाचणी घ्यायची, ज्यांना वीस मिळतील त्यांचेच फॉर्म भरायचे, बाकीच्यांचे नाहीत. नवल म्हणजे बाईंनी लगेच मान्यता दिली. मोजकी मुलं असतील तर घासून तयारी करून घेता येईल, हे एक कारण. दुसरं असं की चाचणी काढायला सांगितली होती बाईंनाच.

एकतीस मुलं बसली. सहा जणांना वीस किंवा जास्त मिळाले. यादी फळ्याशेजारच्या काचेच्या चौकटीत लागली, आणि फॉर्म भरायला दोन दिवस उरले.

मधल्या सुट्टीत सुमय्या आली. छपाईवाल्या युनूसभाईंची थोरली, एकोणीस गुण. हातात पेपर, बोटांच्या पेरांवर इंडिगोचा रंग. दार वाजवलं नाही, थेट आत.

"मैडम, सत्रह नंबर में मेरा काट दिया आपने. वो सही है."

बाईंनी डब्यातून मान वर केली नाही. "सोला है उसका जवाब. जा, खाना खा."

"चौदह भी है."

"एक सवाल के दो जवाब नहीं होते, सुमय्या."

"नहीं होते तो आपने बनाए क्यों?"

बाईंच्या कपाळावरची शीर उठली. एकतीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पेपर ओढून घेतला. सतरावा प्रश्न असा होता: 2, 4, 8, ? आणि खाली पर्याय 10, 12, 14, 16. प्रत्येक संख्या आधीच्या दुप्पट, म्हणजे पुढची सोळा. शेंबड्या पोरालाही कळेल असा प्रश्न! त्या तसं म्हणाल्यासुद्धा.

सुमय्या हलली नाही. तिने टेबलावर बोटानेच दाखवलं. "दो से चार, बीच में दो. चार से आठ, बीच में चार. तो अब बीच में छह. आठ और छह, चौदह."

"दुप्पट, मतलब, दुगना क्यों नहीं देखा?"

"अब्बू कहते हैं ठप्पे को मत देख, दो ठप्पों के बीच की जगह देख. गलती वहीं पकड़ में आती है. और आप भी तो बोर्ड पर यही लिखवाती हो, सबसे पहले फर्क निकालो."

बाई तेच लिहून देत. दर वर्षी, पहिल्याच तासाला, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. पोरगी नेमकं शिकवल्यासारखं वागली होती आणि त्याबद्दल तिचा गुण कापला होता.

"जा," बाई म्हणाल्या. "मैं देखती हूँ."

सुमय्या गेली, पण जाताना पेपर टेबलावर ठेवून गेली. बाईंनी भाकरीचा तुकडा तसाच डब्यात टाकला आणि पेपराचं मूळ हस्तलिखित काढलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 2, 4, 8, 16, ?. मालिकेत चार संख्या असल्या की चौदाचा रस्ता बंद होतो, कारण आठनंतर सोळा आधीच बसलेला असतो. मग हा सोळा गेला कुठे? ते त्यांना आठवलं, आणि आठवल्याबरोबर स्वतःचाच भयंकर राग आला. झेरॉक्स एकाच बाजूला काढायची होती, ओळ पुढच्या पानावर जात होती, म्हणून त्यांनी त्या ओळीतली एक संख्या उडवून, पर्याय बदलून पान बसवलं होतं. पान छान बसलं. मुलगी बाहेर पडली.

त्यांनी सगळे एकतीस पेपर पुन्हा काढले. चौदा लिहिणारी तीन मुलं होती. तिघांचा एकेक गुण वाढवला, आणि त्यातून विसावर पोचली एकटी सुमय्या.

चौरसिया सरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. "पुराणिक मैडम, इतनी सी बात? बच्ची को एक नंबर ग्रेस दे दीजिए. सातवाँ नाम जोड़ देंगे. पर्चा गलत था, ये बाहर मत बोलिए. कल सारे माँ-बाप आ जाएँगे."

"ग्रेस नहीं दूँगी."

"अरे, उसी के भले की बात..."

"ग्रेस मतलब वो गलत थी और हमने दया की. वो सही थी, सर. गलत मैं थी."

सरांनी चष्मा काढून पुसला. बाई अशा वेळी थांबत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. बाई थांबल्या मात्र. कारण बोलता बोलता त्यांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली होती आणि ती पहिलीपेक्षा फार मोठी होती. एक प्रश्न चुकला हे एका पोरीने भांडून दाखवलं म्हणून कळलं. उरलेले एकोणतीस प्रश्न बरोबर आहेत, हे कुणी तपासलं? आणि बरोबर असले तरी तीस प्रश्नांवरून कोणाचा फॉर्म भरायचा नाही, हे ठरवणाऱ्या आपण कोण? त्या परीक्षेला बसायला सातवीचे गुण आणि घरच्या उत्पन्नाची अट आहे. शाळेची चाळणी लागते, असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. चुकीच्या उत्तराला तिथे गुणही कापत नाहीत. मग अडवलं कुणी? आपणच, आणि तेसुद्धा मोठ्या ऐटीत.

"सर, यादी रद्द. जितने बच्चे नियम में बैठते हैं, सबके फॉर्म भरेंगे."

"पिछली बार अठारह गए थे, मैडम! शून्य आया था! मुझे खड़ा किया था!"

"इस बार मुझे खड़ा कर देना. मुझे आदत है."

त्यांनी काचेची चौकट उघडली, यादी काढली आणि तिच्या जागी एक कोरा कागद लावला. त्यावर लाल शाईत लिहिलं: सत्रहवाँ प्रश्न गलत था. 14 भी सही है. गलती प्रश्न बनाने वाले की. खाली पूर्ण सही केली. मुलं जमली. बाईंची चूक बाईंनीच लिहिलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. सुमय्या मागे उभी राहून दोनदा वाचत होती, आणि हसू आवरत नव्हती. बाईंनी डोळे वटारले. तरी ती हसतच राहिली.

पुढचे दोन दिवस बाईंनी नुसती धावपळ केली. कोणाकडे उत्पन्नाचा दाखला नव्हता, कोणाच्या नावाची अक्षरं दोन कागदांवर दोन तऱ्हेची होती. ऑनलाइनच्या दुकानात त्या खुर्ची टाकून बसल्या आणि दुकानदाराला जेवायलाही उठू दिलं नाही. तेवीस फॉर्म गेले. वसंतराव म्हणाले, "अगं, रिटायरमेंटला दोन वर्षं उरली, आता तरी पंगे घेणं बंद कर."

"दोनच उरली, म्हणूनच," बाई म्हणाल्या.

तयारीची रीतही बदलली. बाईंनी वर्गात जाहीर केलं की जो माझा प्रश्न चुकीचा सिद्ध करील, त्याच्या हातात खडू, आणि पुढचा प्रश्न तो घालणार. पहिला आठवडा सगळे गप्प. मग सुमय्याने दिशेच्या एका कोड्यात बाईंना अडवलं, सूर्य सकाळचा की संध्याकाळचा हे सांगितलंच नव्हतं. मग सगळा वर्गच मोकाट सुटला. मालिका घालायची, समोरच्याने दुसरं उत्तर काढून दाखवायचं, मग आणखी एक संख्या लिहून तो रस्ता बंद करायचा. मागच्या बाकावर मुक्ता नावाची मुलगी होती, मंगळनाथाच्या देवळाजवळ हार-फुलं विकणाऱ्या बाईची. चाचणीत बारा गुण. ती कधी भांडली नाही, खडू मागितला नाही, नुसती वहीत लिहीत राहायची. खरं सांगायचं तर बाईंचं तिच्याकडे फारसं लक्षही नव्हतं.

निकाल लागला. चौरसिया सर मोबाइलवर यादी उघडून वर-खाली करत होते. "मैडम, दो हैं! दो!"

एक सुमय्या. तिचं नाव ऐकून बाईंनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. दुसरं नाव मुक्ताचं होतं.

बाई खुर्चीत बसल्या. चाळणी तशीच ठेवली असती, तरी सुमय्या भांडली, म्हणून तिचा फॉर्म भरला गेला असता. मुक्ता बारा गुण घेऊन गप्प राहिली असती, आणि बाईंच्या निर्दोष चाळणीतून गळून पडली असती. गेल्या एकतीस वर्षांत आपल्या पेपरांनी अशा किती मुक्ता गाळल्या? त्याचं उत्तर कुठल्याच वहीत नव्हतं. बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी निकाल छापून काचेच्या चौकटीत लावला. दुपारी बघतात तर त्याच्या शेजारी एक जुनी उत्तरपत्रिका: मुक्ताची चाचणी, वर बाईंच्या हातचा लाल शेरा, तीसपैकी बारा.

"मैडम, ये क्यों लगाया? खुशी के दिन फेल का पर्चा? निकालिए, कल मुआयना है, बड़े साहब देखने आएँगे."

"नहीं निकलेगा."

"पर बच्ची को बुरा लगेगा!"

"उससे पूछकर लगाया है," बाई म्हणाल्या. त्यांनी चौकटीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली. "और सर, ध्यान से देखिए, ये मुक्ता का पर्चा नहीं है. मेरा है. इसमें फेल मैं हुई थी."