प्लॉट नंबर नऊ, सारा

साराबाई गायकवाड भिंगारच्या मिशन शाळेत तिसरीला शिकवत. हातात तांबडी पेन्सिल असली की त्यांना गप्प बसवत नसे. वाण्याने पाटीवर 'चहा पुड' लिहिलं, तर त्याचा 'पु' दीर्घ करूनच त्या पुढं जायच्या. वाणी म्हणायचा, "मास्तरीणबाई आल्या, पाट्या झाका!"

त्यांचे यजमान यशया मास्तर त्याच शाळेचे हेडमास्तर होते. ते भाद्रपदात वारले. राहती जागा शाळेची होती आणि नवे हेडमास्तर जूनला यायचे होते, म्हणून बाईंचा सारा जीव गृहनिर्माण सोसायटीतल्या नऊ नंबरच्या प्लॉटवर होता. मास्तर तिचे सभासद होते. नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेने बाईंना वारस म्हणून सभासद करून घेतलं आणि प्लॉटही दिला. बाई समोर बसल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मग जुने सेक्रेटरी बदलून राहुरीला गेले. त्यांच्या जागी रंगनाथराव आले, कचेरीत हयात घालवलेले सरळ गृहस्थ. कागदाबाहेरचं काही म्हणून मानायचे नाहीत. एकोणपन्नासच्या फेब्रुवारीत त्यांचं पत्र आलं: प्लॉट मयत सभासदाच्या नावे दिला गेल्याने तो यादीतल्या पुढच्या माणसाला देण्याचं योजलं आहे, ठरावाचं पान सोबत.

बाई पान घेऊन तडक त्यांच्या घरी गेल्या. पानावर ठराव नं. ५ ची एकच ओळ होती: 'प्लॉट नंबर नऊ सारा यशया गायकवाड यांस द्यावा.'

"हे बघा, ढळढळीत माझं नाव आहे!"

"बाई, हे तर तुमच्या यजमानांचं नाव आहे."

"अहो, नीट वाचा ना!"

"नीटच वाचतोय. तुमचं नाव कुठं आहे यात?"

बाईंना वाटलं, माणूस वेड पांघरून पेडगावला जातोय. रंगनाथरावांनाही बाईंबद्दल दुसरं काही वाटलं नसावं.

घरी आल्यावर त्या रडल्या, अगदी मनमोकळं रडल्या. शेजारची मेहताब म्हणाली, "रडून काय हुतंय बाई? तुमी लिवा. लिवण्यात तुमाला कोन हरवनार हाय?" मग बाईंनी डोळे पुसून दौत पुढं ओढली.

'मे. सेक्रेटरीसाहेब यांस सभासद श्रीमती गायकवाड हिचा नमस्कार. ता. १४ नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेच्या ठराव नं. ५ चे आपण पाठवलेले पान सोबत जोडले आहे. एका पानावरून सभेचा अर्थ लागत नाही. तरी त्या सभेच्या संपूर्ण इतिवृत्ताची खरी नक्कल मिळावी. नकलेची फी नियमाप्रमाणे भरीन.'

रंगनाथरावांच्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका होत्या. बाईंनी पेन्सिलीला हात लावला नाही, यावरून त्यांच्या मनाची दशा समजावी. अर्जाची दुसरी प्रत नेऊन त्यांनी तिच्यावर पोच घेतली आणि वाट पाहत बसल्या.

आठव्या दिवशी रंगनाथराव स्वतःच दारात उभे राहिले. टोपी काढून हातात घेतलेली.

"बाई, चुकलो. पान पाठवलं तेव्हा मी तेवढाच ठराव उतरून काढला होता. आता पहिल्यापासून नक्कल करायला बसलो. ठराव तीन: नऊ नंबरचा प्लॉट अर्धा कापून विहिरीची वाट काढावी, ही सूचना नामंजूर. ते मी आधी ओझरतं वाचलं होतं. म्हणून पाचव्यात मी वाचत होतो, प्लॉट सारा, म्हणजे सगळा, यशयांना द्यावा! पण चौथा ठराव उतरताना हात थांबला. 'मयत यशया गायकवाड यांची वारस पत्नी सारा हिचे नाव सभासद म्हणून दाखल.' तेव्हा कळलं, सारा तुम्ही!"

बाई आ वासून बघतच राहिल्या. आपलं नाव असंही वाचता येतं, हे चाळीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग दोघंही पोट धरून हसले.

"कमिटीला दाखवलं. माझं पत्र रद्द झालंय, प्लॉट तुमचाच," रंगनाथराव म्हणाले आणि सहीशिक्क्याची नक्कल त्यांनी पुढं केली. "एक स्वल्पविराम असता, तर..."

"आमच्या तिसरीतल्या पोरांना मी याबद्दल उभं करते," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी पेन्सिल उचलली. पाचव्या ठरावात 'नऊ'च्या पुढं तिचं टोक टेकणार, तोच हात मागं घेतला. खरी नक्कल होती, मुळात नाही ते तिच्यात घालून कसं चालेल? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चूक तशीच राहू दिली.

रविवारी मिशनच्या देवळातली उपासना आटोपल्यावर मात्र त्या मेहताबला घेऊन माळावर गेल्या. नऊ नंबरच्या खुंटीशी त्यांनी फळी ठोकली. तिच्यावर तांबड्या रंगात लिहिलं होतं: 'प्लॉट नंबर नऊ, सारा यशया गायकवाड.' त्यातला स्वल्पविराम चांगला चिंचोक्याएवढा होता.

मेहताबला वाचता येत नव्हतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "बाई, हे शेपटीवालं काय हाय?"

"ते होय?" बाई म्हणाल्या. "ते माझं घर आहे."